मिनिटाला किती शब्द? नऊ महिने शब्द मोजून भाषणं कापल्यावरचा अनुभव

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि मुलांना वक्तृत्व स्पर्धांसाठी तयार करते. आमच्याकडच्या बहुतेक स्पर्धा 'सात अधिक एक'च्या असतात. सातव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, आठव्याला थांबायचं. पूर्वी मी भाषण अंदाजानेच बसवायचे. मग कुठेतरी वाचलं की माणूस मिनिटाला साधारण 130 शब्द बोलतो. सात गुणिले 130 म्हणजे 910. हिशोब सोपा होता, म्हणून पटला.

जानेवारीत सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त स्पर्धा होती. अकरावीतल्या एका मुलीला मी 905 शब्दांचं भाषण दिलं. दुसरी घंटा वाजली तेव्हा शेवटचे दीडेकशे शब्द बाकी होते. खाली उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "मॅडम, शेवटच तर चांगला होता."

चूक 130 या आकड्यात होती. तो इंग्रजी भाषणांचा आकडा. आपल्याकडे विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळं शब्दालाच चिकटतं. 'त्यांच्यासाठीसुद्धा' हा मोजताना एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन होतील. त्यामुळे मराठीत मिनिटाला कमी शब्द बसतात, आणि प्रत्येकाचे वेगळे बसतात.

तेव्हापासून मी आधी मुलाचा वेग मोजते. भाषण पाठ झाल्यावर, उभं राहून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायला लावते आणि फोनवर रेकॉर्ड करते. पहिलं मिनिट सोडून देते, कारण त्यात सगळेच पळतात. पुढच्या तीन मिनिटांत कुठून कुठपर्यंत मजकूर झाला ते पाहून तेवढेच शब्द मोजते. गूगल डॉक्समध्ये तो भाग निवडून `Ctrl+Shift+C` दाबलं की संख्या मिळते. या मुलीचे 321 शब्द निघाले, म्हणजे मिनिटाला 107. बसून वाचताना हीच मुलगी बरीच भरभर जाते. तो आकडा धरू नये.

मग वेळ. सातही मिनिटं शब्दांना मिळत नाहीत. 'सन्माननीय व्यासपीठ...'ला वीस सेकंद, चार ओळींची कविता आणि मुद्दाम घेतलेले विराम मिळून चाळीस. कविता फार संथ जाते, म्हणून ती शब्दांत न धरता घड्याळाने मोजते. उरली सहा मिनिटं, म्हणजे 642 शब्द. आठवं मिनिट मी हिशोबात घेतच नाही.

तेच भाषण मार्चमधल्या स्पर्धेसाठी कापायचं होतं, साधारण 265 शब्दांनी. आधी मी विशेषणं, 'खरोखर', 'अत्यंत' असले शब्द खुडत बसले. तासाभरात पंचवीस गेले. मग कात्री मोठी घेतली. जन्म, लग्न, माहेर-सासर हा 110 शब्दांचा परिच्छेद अख्खा गेला, कारण परीक्षकांना तो पाठ असतो. शाळांची यादी गेली, 70. आजच्या साक्षरतेवरचा उपदेश गेला, 60. राहिलं ते 1848 ची भिडे वाड्यातली शाळा आणि 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना आलेलं मरण.

640 शब्द झाले. घड्याळ लावलं तर 7 मिनिटं 16 सेकंद! मी दोनदा मोजलं. झालं होतं असं, की मी कापलेला भाग नेमका भरभर जाणारा होता. उरलेला जड, ठासून भरलेला. तिथे तिचा वेग 102 वर आला. शिवाय '1848' हा मोजणीत एक शब्द, तोंडाने मात्र 'अठराशे अठ्ठेचाळीस'. आता साल नि रकमा मी मसुद्यात अक्षरीच लिहिते, आणि मोठी कापाकापी झाली की वेग पुन्हा मोजते. आणखी 25 शब्द काढले. मंचावर ती 6 मिनिटं 48 सेकंदांत संपली, थोडी घाईही झाली असणार.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट साधी आहे: समासात दर मिनिटाच्या शब्दांवर पेन्सिलीची खूण. सरावात तिसरी खूण साडेतीन मिनिटांना आली, तर कुठे रेंगाळलो ते लगेच दिसतं, आणि कात्री तिथेच लावता येते. नाहीतर सगळे शेवटावर घाला घालतात.

तक्रारही आहे. आयत्या वेळच्या भाषणाला हे काहीच कामाचं नाही. टाळ्या-हशा मिळवणाऱ्या मुलांचा हिशोबही कोलमडतो. अशांना मी अर्ध्या मिनिटाचे शब्द आणखी कमी देते. अक्षरं मोजून अधिक अचूक जमेल म्हणून महिनाभर तेही केलं. फरक दहा-बारा सेकंदांचा पडला, डोकेदुखी मात्र दुप्पट. सोडून दिलं.

सध्या वहीत नऊ मुलांचे वेग आहेत, सगळ्यात संथ 94, सगळ्यात भरधाव 124. एकाचं भाषण दुसऱ्याला जसंच्या तसं देणं मी बंद केलंय.