चिकोरी सोडली, डार्क रोस्ट घेतला: पोटाच्या दृष्टीने काही महिन्यांचा अनुभव

लातुरात कॉफीवाली घरं थोडीच, बहुतेक ठिकाणी चहाच. मला मात्र सकाळी फिल्टर कॉफी लागते. ती घेतली की छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि पोट फुगणं ठरलेलं. म्हणून हिवाळ्यापासून एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. कपाला १५ ग्रॅम पूड आणि तेवढंच दूध, हे कायम ठेवलं.

आधी चिकोरी. माझ्या पाकिटावर ३० टक्के लिहिलं होतं. चिकोरीत इन्युलिन नावाचा तंतू असतो. तो लहान आतड्यात पचत नाही. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि गॅस होतो. निव्वळ कॉफीची पूड आणली तसं पोट फुगणं थांबलं. जळजळ होती तशीच, म्हणजे ही दोन दुखणी वेगळी होती.

मग मीडियमऐवजी डार्क रोस्ट. कॉफी आंबट म्हणून जळजळ होते असं सगळे सांगतात, पण कॉफीचा पीएच ५ च्या आसपास, तर पोटातलं आम्ल तिच्याहून कितीतरी तीव्र. खरी गोम अशी की कॉफी पोटाला आणखी आम्ल सोडायला लावते. त्यात कॅफिनचा हात आहे, पण एकट्या कॅफिनचा नाही. डीकॅफनेही काहींना त्रास होतो. बी जास्त भाजलं की त्यातली क्लोरोजेनिक आम्लं बरीच मोडतात आणि एन-मिथाइलपिरिडिनियम नावाचं द्रव्य वाढतं. प्रयोगशाळेत पोटाच्या पेशींवर त्याने आम्ल सोडणं कमी झालेलं दिसलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या पोटातही डार्क रोस्टने मीडियमपेक्षा कमी आम्ल सुटलं. माणसं मोजकीच होती, त्यामुळे फार भरवसा नको. माझी जळजळ निम्म्यावर आली, गेली नाही.

घेताना पाकिटावरच्या ‘स्ट्राँग’ला भुलू नका, त्याचा अर्थ डार्क रोस्ट असेलच असं नाही. काळपट, तेलकट चमक असलेल्या बिया बघा. रोबस्टा आहे का तेही वाचा. तिच्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं.

उन्हाळा लागल्यावर कोल्ड ब्रू केली. ६० ग्रॅम जाडसर पूड, अर्धा लिटर पाणी, रात्रभर फ्रिजमध्ये; सकाळी गाळून तेवढंच पाणी घातलं. तिचा पीएच गरम कॉफीएवढाच असतो, एकूण आम्ल मात्र थोडं कमी उतरतं. चव गोडसर, पण माझ्या पोटाला फरक शून्य. पाणी न घालता प्यायलात तर कॅफिन दुप्पट जाईल.

सगळ्यांत जास्त गुण आला तो आधी वाटीभर सुशीला खाऊन मग कॉफी घेतल्याने. तरी रात्री जेवून आडवं होण्याआधीची कॉफी कुठल्याही रोस्टची असो, घशाशी येतेच, कारण अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते. गिळायला त्रास होत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर रोस्ट बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

डार्क रोस्ट मी पुन्हा आणणार. सासूबाई अजून ती चिकोरीवालीच पितात, तीही उपाशीपोटी, आणि त्यांना काही होत नाही.