ऑप्टिकल केबलवर सात महिने: छतातला पाऊस खरा नव्हता

घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये फर्निचर करतानाच मी टीव्हीपासून स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरपर्यंत भिंतीतून ऑप्टिकल केबल टाकून घेतली. इलेक्ट्रिशियनने पाऊण इंची पाइपातून एचडीएमआय ओढून पाहिली होती, पण तिचं डोकं वळणावर अडकत होतं. ऑप्टिकलचं टोक बारीक, ते सहज गेलं. "दादा, ही फक्त कोपऱ्यात दुमडू देऊ नका, आतली काच म्हणा प्लास्टिक म्हणा, तुटलं की आवाज गेला," एवढं त्याने बजावलं. भोवती पाच स्पीकर, एक सबवूफर आणि छतात दोन, म्हणजे ५.१.२ ची मांडणी.

पहिले दोन महिने मी खूश होतो. ओटीटीवर अ‍ॅटमॉसची खूण, म्हणजे आवाजात उंचीचीही माहिती असल्याची खूण, असलेला सिनेमा लावला की छतातल्या स्पीकरमधून आवाज यायचा. शंका आली ती एका पावसाच्या दृश्यात. थेंब डोक्यावर पडायला हवे होते, पण पाऊस सगळीकडून सारखाच, नुसता धूसर येत होता. रिमोटवरचं इन्फो बटण दाबलं. आत येणारा सिग्नल होता Dolby Digital, चॅनल ५.१. अ‍ॅटमॉसचं नावही नव्हतं. छतातला आवाज रिसीव्हर त्या ५.१ मधूनच स्वतःच्या अंदाजाने काढत होता. म्हणून सांगतो, छतातून आवाज येतो हा पुरावा धरू नका. येणारा सिग्नल काय आहे ते वाचा.

मी आधी केबललाच दोष दिला आणि स्टेशनजवळच्या दुकानातून सोनेरी टोकांची महागडी केबल आणली. फरक शून्य. या तारेतून प्रकाश जातो, सोन्याला तिथे काही कामच नाही.

खरं कारण या जोडणीच्या जन्मात आहे. तोशिबाने १९८३ मध्ये ती सीडी प्लेअरसाठी काढली, म्हणजे दोन चॅनलच्या आवाजासाठी. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल असा गुणाकार केला की १५,३६,००० बिट होतात. सहा चॅनल न दाबता पाठवायचे तर याच्या तिप्पट जागा लागते, म्हणून कच्चा ५.१ जातच नाही. डॉल्बी डिजिटल हा दाबलेला आवाज, जास्तीत जास्त ६,४०,००० बिटांचा, त्यामुळे तो त्याच दोन चॅनलच्या जागेत मावतो. साधा डीटीएस, हा दाबलेल्या आवाजाचा दुसरा प्रकार, तोही मावतो.

ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस मात्र डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधलेला असतो. त्याचे बिट बरेचदा फार नसतात, आणि इथेच माझा गोंधळ झाला होता: मग मावत का नाही? तर त्याला पुढे पाठवायची ठरलेली पद्धतच नेहमीच्या चौपट वेगाची आहे, आणि घरगुती ऑप्टिकल जोडणीत तिची सोय नाही. म्हणून माझा टीव्ही गुपचूप त्याचं साधं डॉल्बी डिजिटल करून देत होता, आणि त्यात उंचीची माहिती गळून जात होती. ब्लू-रेवरचे ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ तर फारच मोठे. तिथे प्लेअर ऑप्टिकलवर डिस्कवरचा साधा डॉल्बी ट्रॅक किंवा डीटीएसचा गाभा तेवढा देतो.

सगळ्यात जास्त गैरसोय मुलाच्या गेमिंग कन्सोलची झाली. तो सहा चॅनलचा कच्चा आवाज एचडीएमआयने टीव्हीला देत होता, आणि टीव्ही ऑप्टिकलवर त्याचे दोनच चॅनल करून टाकत होता. रिसीव्हरवर PCM २.०, म्हणजे कच्चे दोन चॅनल, दिसायचं, मागचे स्पीकर गप्प. "बाबा, मागून येणारी गाडी ऐकूच येत नाही," अशी त्याची रोजची तक्रार. कन्सोलच्या ऑडिओ सेटिंगमध्ये लिनिअर पीसीएम बदलून डॉल्बी निवडलं आणि टीव्हीचा आउटपुट पासथ्रूवर, म्हणजे आलेला आवाज न बदलता पुढे देण्यावर, नेला, तेव्हा ५.१ मिळालं. तुमच्याकडे मागचे स्पीकर बंद असतील तर आधी हेच दोन बदल करून बघा.

सात महिन्यांनी मी भिंतीवरून केसिंग पट्टी मारून एचडीएमआय नेलीच, टीव्हीच्या ARC लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या, पोर्टमधून. बायकोला ती पांढरी पट्टी आवडलेली नाही, आणि ते बरोबरच आहे. माझा टीव्ही साध्या एआरसीवरूनही डॉल्बी डिजिटल प्लस सोडतो, त्यामुळे ओटीटीचा अ‍ॅटमॉस आला. सगळे टीव्ही सोडतात असं नाही, घेण्याआधी तपासा. ट्रूएचडी किंवा कच्चा ५.१ टीव्हीमार्फत हवा असेल तर दोन्ही बाजूंना ईएआरसी, म्हणजे एआरसीची जास्त क्षमतेची आवृत्ती, लागेल. माझ्या टीव्हीत ते नाही, म्हणून ब्लू-रे प्लेअर आता थेट रिसीव्हरला लावलाय. तोच सिनेमा पुन्हा लावला, तेव्हा पहिली सर डाव्या छतातून सुरू होऊन उजवीकडे सरकली.

नुसत्या ५.१ ची मांडणी असेल, तर ऑप्टिकल आजही घ्यावी असंच मी सांगेन. डॉल्बी डिजिटल तिच्यावर सात महिन्यांत एकदाही तुटलं नाही. ती महागडी केबल मी आता बाबांच्या जुन्या सीडी प्लेअरला लावली आहे. सीडीचे दोन चॅनल तिच्यातून जसेच्या तसे येतात.