‘धर्म’ तसाच ठेवू की ‘ड्यूटी’ लिहू?

गीतेचा इंग्रजी अनुवाद करणारी एक मैत्रीण या प्रश्नावर अडली आहे. मी दोन्ही पर्याय अर्थ आणि वाचकाचे कष्ट या दोनच कसोट्यांवर तपासले.

दुसऱ्या अध्यायातला ३१वा श्लोक घ्या. त्यात आधी ‘स्वधर्म’ येतो आणि लगेच ‘धर्म्य’ युद्ध. ‘ओन ड्यूटी’ आणि ‘राइचस वॉर’ लिहिलं की वाचक अडखळत नाही, पण दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे हे त्याला कळतच नाही. श्लोकाचा युक्तिवाद तर त्याच नात्यावर उभा आहे. इथे ‘धर्म’ ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत उलगडावा.

‘कर्म’ मात्र उलट फसवतं. इंग्रजीत ते आधीच रुळलंय, तेही ‘केल्याचं फळ’ या अर्थाने. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’मध्ये ते तसंच ठेवलं, तर फळावर अधिकार नाही सांगणारा श्लोक वाचकाला फळावरच हक्क देतो! तिथे ‘ॲक्शन’च हवं.

अभ्यासकांसाठी उसना शब्द आणि टीप बरी. रंगमंचावर किंवा मोठ्याने वाचायचं असेल, तर प्रतिशब्द. तिथे टीप कोण वाचणार?