एएस-आय वापरल्यानंतर: स्पेअर मॉड्यूलचा ॲड्रेस शून्यच ठेवा

कन्व्हेयरवरचे प्रॉक्सिमिटी, फोटोसेन्सर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह आम्ही एएस-इंटरफेस, म्हणजे एएस-आय, या दोन तारांच्या नेटवर्कवर घेतले, त्याला आता बरेच महिने झाले. वायरिंगबद्दल माझी तक्रार नाही. पिवळ्या चपट्या केबलवर मॉड्यूल दाबून बसवले की आतल्या सुया इन्सुलेशन भेदून तारेपर्यंत जातात आणि त्याच दोन तारांवर सप्लायही मिळतो, डेटाही. सप्लाय मात्र एएस-आयचाच, साधारण ३० व्होल्टचा घ्यावा लागतो. नेहमीचा २४ व्होल्टचा सप्लाय थेट जोडला तर तो डेटाचे पल्स गिळून टाकतो.

खरी परीक्षा मॉड्यूल बदलताना होते. नेटवर्क चालवणारा मास्टर प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे स्लेव्हला, त्याच्या ॲड्रेसने ओळखतो, आणि नवा स्लेव्ह ० ॲड्रेस घेऊन येतो. आमच्याकडे १२ नंबरचे मॉड्यूल ट्रॉलीच्या धक्क्याने फुटले. मास्टर प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे साठवलेल्या यादीतलेच स्लेव्ह चालवणाऱ्या मोडमध्ये होता, ऑटो ॲड्रेसिंग चालू होते. यादीतला एकच स्लेव्ह गायब आहे आणि त्याच प्रोफाइलचा एक ० वर आला आहे, एवढे पाहून मास्टरने त्याला स्वतःच १२ केले. रात्रपाळीच्या वायरमनला लॅपटॉप उघडावा लागला नाही. ही सोय मला सगळ्यात आवडली.

पण एकाच वेळी दोन मॉड्यूल गेली की मास्टर हात वर करतो. नव्यातले १२ कोण आणि १३ कोण, हे त्याला कळायला मार्ग नाही. तेव्हा हँडहेल्ड ॲड्रेसरने एकेकाला नंबर देऊन मगच लाइनवर लावायचे.

सगळ्यात त्रासदायक प्रकार घडला तो टेस्ट बेंचवरून आलेल्या स्पेअरमुळे. कोणीतरी त्याला ७ दिला होता, आणि ते तसेच १२ च्या जागी बसले. १२ गायबच राहिला, हे लगेच दिसले. ७ चा घोळ मात्र लक्षात यायला वेळ लागला. दोन्ही मॉड्यूलच्या इनपुटची स्थिती सारखी असली की उत्तरे एकावर एक बसतात आणि मास्टरला सगळे ठीक वाटते. स्थिती वेगळी झाली की उत्तर बिघडते आणि ७ मधूनच पडतो, परत येतो. मंडळी सेन्सर आणि कनेक्टर तपासत बसली. ओळखायची युक्ती सोपी आहे: खरा ७ लाइनवरून काढा, तरीही मास्टरला ७ दिसत असेल, तर तो नंबर दुसऱ्या कोणाकडे तरी आहे. आता स्पेअर कपाटात ठेवण्याआधी ० करूनच ठेवतो.

विस्तार करणार असाल तर एकच नंबर ए आणि बी असा दोघांत वाटून घेणारे ए/बी स्लेव्ह घ्या, एका मास्टरवर ३१ ऐवजी ६२ बसतात. जुना साधा स्लेव्ह मात्र एका नंबरचे ए आणि बी दोन्ही अडवतो. शिवाय मास्टरला सगळ्या स्लेव्हची पूर्ण फेरी करायला ५ ऐवजी १० मिलिसेकंद लागतात. सिलिंडरच्या रीड स्विचला ते चालते, वेगाने जाणारे नग मोजायचा सेन्सर आम्ही थेट पीएलसीच्या हायस्पीड इनपुटलाच ठेवला आहे.