एका ट्रान्झिस्टरचा क्लास-ए अ‍ॅम्प: स्पीकर थेट की ट्रान्सफॉर्मरमधून?

ठाण्यात घरी १२ व्होल्टवर एका ट्रान्झिस्टरचा क्लास-ए अ‍ॅम्प बांधायला घेतला, की स्पीकर कसा जोडायचा हे आधी ठरवावं लागतं. थेट कलेक्टरमध्ये घाला किंवा मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवा. ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो, तरी माझा कौल त्यालाच.

आधी थेट जोडणी पाहू. ८ ओहमचा स्पीकर, कलेक्टर मधोमध म्हणजे ६ व्होल्टवर, तर करंट पाऊण अँपिअर. सप्लायमधून ९ वॅट जातात आणि आवाजासाठी जास्तीत जास्त २.२५ वॅट मिळतात, म्हणजे २५ टक्के. शिवाय ४.५ वॅट डीसी सतत स्पीकरच्या कॉइलला तापवत राहतो आणि कोन एका बाजूला ढकललेला राहतो. मला हे अजिबात पटत नाही.

ट्रान्सफॉर्मर लावला की प्रायमरीवर डीसी जवळपास पडत नाही, त्यामुळे कलेक्टर शांत असताना पूर्ण १२ व्होल्टवर बसतो. सिग्नल आला की गाभ्यात साठलेल्या ऊर्जेमुळे तो सप्लायच्याही वर, २४ व्होल्टपर्यंत चढतो आणि खाली शून्याकडे येतो. अर्धा अँपिअर बायस धरला तर सप्लायमधून ६ वॅट जातात. १२ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर ही दोन शिखरं गुणून निम्मं केलं की ३ वॅट. हीच ५० टक्क्यांची सैद्धांतिक कमाल. त्यासाठी प्रायमरीला २४ ओहम दिसले पाहिजेत, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण साधारण १.७३ला १.

प्रत्यक्षात ट्रान्झिस्टर शून्य व्होल्टपर्यंत उतरत नाही. एमिटर रेझिस्टर आणि वाइंडिंग आपापला वाटा घेतात, म्हणून ३५ टक्क्यांच्या आसपास मिळाले तरी मी समाधानी असतो. आवाज कमी केला की आकडा झपाट्याने घसरतो: स्विंग निम्मा केला तर आउटपुट पाव होतं, सप्लायमधून मात्र ६ वॅटच जातात. मग आदर्श स्थितीतही फक्त १२.५ टक्के.

म्हणून हीटसिंक गाणं बंद असतानाच्या स्थितीसाठी निवडा, कारण तेव्हा सगळे ६ वॅट ट्रान्झिस्टरवरच पडतात. मे महिन्यात बंद कॅबिनेटमध्ये ४० अंश असले आणि हीटसिंक वॅटमागे ५ अंश तापणारा असला, तर तो ७० अंशांवर पोचेल.

साधा मेन्स ट्रान्सफॉर्मर इथे वापरू नका. बायसचा करंट गाभ्याला एकाच दिशेने चुंबकित करतो. गाभ्यात एअर गॅप नसेल तर तो सॅच्युरेट होतो, आणि आधी बास जातो. ऑर्डर देताना वाइंडरला डीसी करंट सांगा. ट्रान्झिस्टर २४ व्होल्टच्या बराच वरचा घ्या. ६० व्होल्टचा २एन३०५५ चालेल. मात्र स्पीकर काढून सिग्नल देऊ नका, कलेक्टरवर त्याहून मोठे स्पाइक येऊ शकतात.

तपासायला सप्लायच्या तारेत अ‍ॅमीटर लावा. आवाज वाढवताना सरासरी करंट हलला नाही, तर ट्रान्झिस्टर पूर्ण सायकल वाहतो आहे. काटा सरकू लागला तर लाट एका बाजूने कापली जाते आहे, तिथून आवाज मागे घ्या.