सोळा हजारांची सवलत की तिमाही हप्ता? सांगलीतल्या दोन क्लासच्या अटी शेजारी ठेवून

पुतणीचा दहावीचा निकाल लागला आणि दादा-वहिनींनी दोन क्लासचे प्रवेश अर्ज घरी आणले. एक क्लास विश्रामबागेतला, दुसरा मिरजेकडचा. दोन्हीकडे अकरावी-बारावीचा 24 महिन्यांचा कोर्स. शिकवणं दोन्हीकडे चांगलं, असं शेजारची मुलं सांगतात, म्हणून मी अर्जाच्या मागच्या पानावरच्या अटी वाचायला घेतल्या.

पहिल्या क्लासची फी 1,60,000, पण एकरकमी भरली तर 1,44,000. दुसऱ्याचीही 1,60,000, पण दर तिमाहीला 20,000, असे आठ हप्ते आणि सवलत काहीच नाही. दादाचं मन साहजिकच सोळा हजारांवर गेलं.

आता समजा, जूनमध्ये सुरू केलं आणि नोव्हेंबरअखेर पोरगी म्हणाली, मला हे झेपत नाही, कॉमर्सला जायचंय. दिवाळीनंतर असं म्हणणारी मुलं दरवर्षी निघतात. पहिल्या क्लासच्या हिशोबाने महिन्याला 6,000 पडतात. सहा महिन्यांचे 36,000 वापरले, उरलेले 1,08,000 त्यांच्याकडेच. अर्जात मात्र छापलंय, ‘एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ दुसऱ्या क्लासमध्ये तोवर दोनच हप्ते, म्हणजे 40,000 गेलेले असतात आणि तेवढंच शिकूनही झालेलं असतं. तिथली अट अशी की, एक महिना आधी लेखी कळवायचं आणि चालू तिमाहीचे पैसे मागायचे नाहीत. म्हणजे अगदी चुकीच्या वेळी सोडलं तरी नुकसान एका हप्त्याच्या आसपास. ही अट मला रास्त वाटते.

‘परत मिळणार नाही’ असं छापलं म्हणून विषय तिथेच संपतो, असंही नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच बाहेर पडला तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात 10 दिवसांत परत द्यावी, क्लासच्याच वसतिगृहात राहत असेल तर तिथली आणि मेसचीही द्यावी, असं त्यात आहे. पण त्या सूचना आहेत, स्वतंत्र कायदा नव्हे. क्लासने ऐकलं नाही तर त्यांचा आधार घेऊन भांडावं लागतं.

भांडायची जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्ये कोचिंग क्लास शिक्षणसंस्थांपासून वेगळे काढले, त्यामुळे क्लासविरुद्ध तक्रार चालते. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पहिल्या अर्जात ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ असंही आहे. त्याला घाबरायचं कारण नाही, कारण 2019च्या ग्राहक कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तरी त्यात महिने जातात, आणि पुढच्या कॉलेजची फी त्याच पैशांतून भरायची असते. पैसे आपल्याच खिशात असले तर यातलं काहीच करावं लागत नाही, हे तिमाही हप्त्याचं मोठं बळ आहे.

दादाने पहिल्या क्लासमध्ये विचारलं तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, सोडलं तर आम्ही बघतो की, कुणाचे पैसे बुडवत नाही.” मी म्हटलं, तेवढंच अर्जावर लिहून शिक्का मारून द्या. ते झालं नाही.

क्लासनेच कोर्स बंद केला तर? इथे दोन्ही अर्ज कच्चे निघाले. पहिल्यात ‘बॅच विलीन करण्याचा, शाखा बदलण्याचा वा ऑनलाइन शिकवण्याचा अधिकार संस्थेकडे’ आहे. सोळा वर्षांच्या मुलीने उद्या कोल्हापूरला रोज जायचं की मोबाइलवर शिकायचं, हे ते ठरवणार. दुसऱ्यात याबद्दल ओळच नाही. शिवाय पहिल्या क्लासची पावती सांगलीच्या फ्रँचायझीच्या नावाने निघते आणि फलकावर मोठ्या कंपनीचं नाव. शाखा बंद पडली की कंपनी म्हणते, पैसे आम्ही घेतलेच नाहीत. पावतीवर कुणाचं नाव आणि कुणाचा जीएसटी क्रमांक आहे, ते पैसे देण्याआधी पाहा. फीसाठी फायनान्स कंपनीचं कर्ज घेत असाल तर जास्तच जपून, कारण तो करार वेगळा असतो आणि क्लासला कुलूप लागलं तरी हप्ता खात्यातून कापला जातो.

सोडायची वेळ आलीच तर तोंडी सांगून येऊ नका. हिशोब कधीपासून धरायचा यावरच वाद होतो. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्याची पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा.

आम्ही मिरजेचा क्लास घेतला. त्यांच्या सरांनी अर्जावर हाताने एक ओळ वाढवून सही केली, ‘बॅच बंद झाल्यास चालू तिमाहीतील उरलेल्या दिवसांची फी परत.’ विश्रामबागेच्या क्लासने 24 महिन्यांच्या हिशोबाने परताव्याची अशीच ओळ लिहून दिली असती, तर सोळा हजार वाचवायला मीच दादाला सांगितलं असतं.