'झा' आणि 'ना' मधल्या फरकाने माझे ५१,५०० रूबल गेले

सेंट पीटर्सबर्गला शिकणाऱ्या किंवा येणाऱ्या पोरांनी हे वाचा. हसायचं तर हसा, पण वाचा. मला स्वतःला लिहायला लाज वाटतेय, कारण मी तिसऱ्या वर्षाला आहे, रशियन बऱ्यापैकी बोलतो, आणि नवीन आलेल्या पोरांना "काँट्रॅक्ट नीट वाचत जा रे" असं मीच सांगत फिरायचो.

हॉस्टेल सोडून मी आणि एक सांगलीचा रूममेट, दोघांनी कुपचिनोत एक खोली-किचनचा फ्लॅट घेतला. जुनी पाच मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही शेवटच्या मजल्यावर. भाडं महिना ३२,००० रूबल, डिपॉझिट तेवढंच. (रूबल आणि रुपया जवळपास सारखेच धरा, म्हणजे घरी आईला किती लागलं असेल ते कळेल.) मालकीणबाई साठीच्या पुढच्या, मला 'सिनोक' म्हणजे बाळा म्हणायच्या, लोणच्याची बरणी द्यायच्या. त्या बरणीनेच घात केला असं रूममेट म्हणतो.

जानेवारीत खोलीतली बातारेया, म्हणजे खिडकीखालचा हीटर, खालून कोमट आणि वरून थंडगार झाला. बाहेर उणे १५ आणि खोलीत १४. इथे राहत्या खोलीत किमान १८ लागतात आणि कोपऱ्याच्या खोलीला २०, हे मला माहीत होतं. म्हणून मी मालकीणबाईंना रशियनमध्ये पत्र लिहिलं, एकदम शिस्तीत. वर 'उवाझाएमाया' आणि नाव, मग कोणत्या तारखेपासून थंड आहे, थर्मामीटरचे आकडे, मग 'प्रोशू वास' म्हणजे आपणास विनंती की हीटिंग दुरुस्त करावं आणि तोपर्यंत भाडं कमी करावं, शेवटी 'स उवाझेनियेम', आदरपूर्वक. फोटो काढून पाठवलं. इथपर्यंत माझी चूक शून्य आहे, आजही म्हणतो.

अर्ध्या तासात उत्तर, बाळा किती सुंदर रशियन लिहितोस! पण बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीकडून हीटिंगच्या बिलाचा 'पेरेरास्च्योत' म्हणजे फेरहिशोब करून घ्यायचा तर पत्र ठरावीक नमुन्यात लागतं, मी टाइप करून आणते, तू फक्त सही कर. आता हा फेरहिशोब खरोखर असतो हो! तापमान नियमापेक्षा कमी असलं, तर अशा प्रत्येक तासाला हीटिंगच्या बिलातून ०.१५ टक्के कापतात. २४० तास धरले तर ३६ टक्के. म्हणून मला वाटलं बाई बरोबर बोलतेय. पण ती कपात कंपनीच्या हीटिंग बिलात होते, घरभाड्याशी तिचा संबंध नाही, भाड्याचं मालकाशी वेगळं ठरवावं लागतं. बाईंनी दोन्हीची खिचडी केली आणि मी ती गोड मानून खाल्ली.

त्यांचं पत्र माझ्याच पत्रासारखं होतं, फक्त खाली दोन ओळी जास्त. त्यातली पहिली, 'प्रोशू राझरेशित ज़ामेनू रादियातोरा झा मोय श्चोत'. हीटर बदलायची परवानगी द्यावी, झा मोय श्चोत. आता श्चोत म्हणजे काय, हे इथल्या कॅफेत रोज ऐकतो, 'श्चोत, पझालुस्ता', बिल आणा. बँकेतलं खातं म्हणजेही श्चोत. मी उभ्या उभ्या वाचलं आणि अर्थ लावला, पैसे माझ्या खात्यात वळते होतील. खात्यात यायचे असते तर 'ना मोय श्चोत' असतं. 'झा मोय श्चोत' म्हणजे माझ्या खर्चाने!! एवढासा शब्द. हा वाक्प्रचार आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकलोय, वहीत लिहिलेला सापडला मला, नंतर. दुसरी ओळ 'प्रितेंझी नि इमेयू', माझी काही तक्रार नाही. ती कळली होती. पण वाटलं सभ्यपणाचं वाक्य असेल, 'कळावे लोभ असावा' टाइप. तेव्हा थांबून फोनमध्ये टाकून बघितलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. पण बाई दारात बूट घालून उभ्या, जिन्यात थंडी, मी सही केली, वर चहा विचारला.

मग ठरलं असं की त्यांचा 'मास्तेर' म्हणजे कारागीर नवीन हीटर बसवेल, १९,५०० आम्ही आता द्यायचे आणि त्या तीन महिने ६,५०० कमी घेणार. सगळं तोंडी. फोन नंबरवर पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते ना बाईंचं, ना त्या मास्तेरने सांगितलेलं. पाठवताना घेणाऱ्याचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर दिसतं, ते दिसतं कशासाठी? मी 'पाठवा' दाबलं.

मास्तेर आलाच नाही. सहा दिवस आम्ही स्वेटर घालून झोपलो, मग शेजारच्या आजींनी दार वाजवून विचारलं, अवारिनायाला फोन का नाही केला? म्हणजे बिल्डिंगच्या कंपनीची तातडीची सेवा, नंबर खालच्या नोटीस बोर्डवर. फोन केला, तक्रारीचा नंबर घेतला (हा नंबर न घेता फोन ठेवू नका, पुढे तोच पुरावा), प्लंबर दुपारी आला. हीटरच्या वरच्या कोपऱ्यात छोटा नळ असतो, मायेव्हस्कीचा नळ, स्क्रू ड्रायव्हरने अर्धा फेरा फिरवला, सुस्स करून हवा निघाली, मग काळं पाणी पिचकलं, त्याने डब्यात धरलं आणि नळ बंद केला. हवा अडकली होती, बस. शेवटच्या मजल्यावर अशी अडकतेच म्हणे. वीस मिनिटांत हीटरला हात लावता येईना. पैसे विचारले तर म्हणाला, कसले पैसे? ज्या हीटरला स्वतःचा बंद करायचा व्हॉल्व्ह नाही तो पाइपसकट बिल्डिंगचाच धरतात, बघायचं काम कंपनीचं. म्हणजे मालकीणबाईंनी बदलायचा प्रश्नच नव्हता!

पैसे परत मागितले तर बाईंनी माझ्याच सहीचा कागद पाठवला. तुझ्या खर्चाने, तुझीच विनंती, तक्रार नाही. पुढच्या महिन्याचं भाडं पूर्ण ३२,०००. जास्त बोललो तर म्हणे राहायची नोंदणी माझ्या पत्त्यावर आहे, विसरू नकोस. आता सांगा, परदेशात नोंदणीचं नाव काढलं की कोण भांडेल? आम्ही निघालो, आणि मुदतीआधी सोडलं म्हणून डिपॉझिटही गेलं. १९,५०० अधिक ३२,०००, तुम्हीच करा बेरीज.

पोलिसांचं तर काय सांगू. पहिल्या दिवशी साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्या दिवशी अर्ज चुकीच्या फॉर्मवर. तिसऱ्या दिवशी साहेबांनी कागद वाचला, आणि मला विचारलं, ही सही तुझी का? हो. मग फसवणूक कुठे आहे, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. मी म्हटलं पैसे तिसऱ्याच माणसाला गेलेत, तर म्हणे तू स्वतःच पाठवलेस ना? बँकेतली मुलगीही तेच म्हणाली, स्वखुशीने पाठवलेले. स्वखुशीने! तक्रार नोंदल्याची पावती मागितली तर ती द्यायला त्यांनी चाळीस मिनिटं बसवलं, आणि महिन्याने नकाराचं पत्र आलं, तेही मी विचारायला गेलो म्हणून. त्यात माझं आडनाव दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या पद्धतीने.

अरे हो, पत्र लिहाल तर आपलंच लिहा, दोन प्रती काढा, एकीवर मालकाची सही आणि तारीख घ्या, देत नसतील तर पोस्टातून पोहोच पावतीचं रजिस्टर पाठवा. भाडं किती, कोणत्या तारखेपासून कमी, ते आकड्यात लिहून त्यांच्याकडून लेखी होकार घ्या. आणि आधी अवारिनाया, मालक नंतर, तापमानाचा 'आक्त' म्हणजे पंचनामा तेच करतात.

काल तो फ्लॅट पुन्हा जाहिरातीत दिसला. ३४,०००. फोटोत आमचाच पडदा, आणि खाली लिहिलंय, 'ओचिन त्योप्लाया', फार उबदार.